शनिवारच्या आत भाडेकरूशी बोला

घरमालकांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. भोरच्या जुन्या आळ्यांत वरचा मजला भाड्यानं देणाऱ्यांसाठी. कापूरहोळ, नसरापूरला कामगारांसाठी खोल्या बांधणाऱ्यांसाठी. भाटघरच्या नाहीतर वेल्ह्यातल्या पानशेतच्या पाण्याकाठी बंगला भाड्यानं देणाऱ्यांसाठी. तुमच्या घरात शनिवारी रात्री पोरं जमतात. गाणी लागतात. अकरा वाजतात, साडेबारा वाजतात, कधी दीडही. शेजारचं घर जागं असतं. सोमवारी शेजारी तुमच्याकडे न बघता पुढं जातो. तुम्हाला कारण माहीत असतं, आणि तरी तुम्ही भाडेकरूशी बोललेले नसता.

बोला. या शनिवारच्या आत बोला. डिसेंबर संपत आला की एकतीस तारखेची रात्र येते, आणि ती उलटली की दीड-दोन महिन्यांत बारावी-दहावीच्या परीक्षा. एवढ्यातच भांडणं पेटतात. ज्याच्या लेकराची झोप तीन शनिवार मोडली, तो चौथ्या शनिवारी रात्री एकटा येत नाही. चार भावबंद घेऊन जिना चढतो. वर घरापासून लांब आलेली पोरं असतात, त्यातल्या दोघांनी घेतलेली असते. पुढचं सांगायची गरज नाही. ते होण्याआधी दिवसाउजेडी, शांतपणे जिना चढू शकणारं माणूस एकच आहे, ते म्हणजे तुम्ही. शेजाऱ्याचा शब्द पोरांना तक्रार वाटतो. पोलिसांचा शब्द धमकी वाटतो. तुमचा शब्द ती ऐकून घेतील, कारण घर तुमचं आहे आणि महिन्याला तुमची गाठ पडते.

एक घर डोळ्यांसमोर आणा. अरुंद आळी, दोन घरांच्या मध्ये जेमतेम चार फुटांचा बोळ. खाली तुम्ही राहता. वर चार पोरं, शिरवळच्या बाजूला कारखान्यात कामाला. बोळापलीकडच्या घरात आजी आहे, रक्तदाबाच्या गोळीवर झोपणारी. सून आहे, तिचं सात महिन्यांचं बाळ आहे. मुलीचं बारावीचं वर्ष आहे. आणि घरचा कर्ता पहाटे चारला उठून गोठ्यात जातो, धारा काढतो, उजाडायच्या आत डेअरीवर दूध घालतो. तो नऊला झोपला तरच त्याची सात तासांची झोप होते. साडेबाराला त्याला जाग आली, तर त्याची रात्र तिथंच संपली. आजीची तीच गत. बाळ परत झोपवायला तासभर जातो, आणि त्या तासात आई एकटी येरझाऱ्या घालत असते.

ही माणसं तुमच्याकडे सहसा येणार नाहीत. आपल्याकडे शेजारधर्म म्हणून माणूस बरंच सोसतो, आणि सोसणं संपलं की एकदम बोलतो. म्हणून त्यांच्या येण्याची वाट बघू नका. तुम्हीच त्यांच्या ओट्यावर जा, चहा घ्या आणि विचारा: "रात्री वरचा आवाज येतो का? किती वाजेपर्यंत? नेमका कसला, गाण्याचा का बोलण्याचा? कुठल्या खोलीत जास्त?" ही चार उत्तरं घेतल्याशिवाय वर जाऊ नका. "शेजारी वैतागलेत" एवढंच सांगितलं तर पोरांना काय बदलायचं ते कळत नाही. "मागच्या खोलीत, बाराच्या सुमाराला, नुसता धपधप आवाज येतो" हे सांगितलं तर कळतं.

आता वरच्या पोरांचीही बाजू समजून घ्या, कारण तिथंच निम्मं उत्तर आहे. कारखान्यात बहुतेक तीन पाळ्या चालतात. दुसरी पाळी दुपारी तीनला लागते आणि रात्री अकराला सुटते. कंपनीची गाडी पोरांना चौकात सोडते तेव्हा बारा वाजत आलेले असतात. अंघोळ, जेवण, घरी फोन, मित्रांशी दोन शब्द, एखादं गाणं, हे सगळं तुम्ही संध्याकाळी सातला करता, ती मध्यरात्री करतात. त्यांची संध्याकाळच तेव्हा सुरू होते. पाळी आठवड्यानं बदलते, म्हणून एखादा आठवडा सगळं शांत असतं आणि पुढच्या आठवड्यात रोज धिंगाणा वाटतो. तुम्हाला वाटतं पोरं मुद्दाम करतात. पाळीचा तक्ता विचारून घ्या. गोंधळाच्या रात्री आणि दुसऱ्या पाळीचे आठवडे जुळतात का बघा. जुळले, तर "दहाला झोपत जा" हे सांगणं वाया जाणार. त्यांना जे करता येईल तेच मागा.

तक्रारी गाण्याच्या शब्दांच्या क्वचित असतात. त्या बेसच्या असतात. बारीक, उंच पट्टीचा आवाज विटांची भिंत बराच अडवते. ढोलाचा, बेसचा जाड आवाज भिंतीतून आणि स्लॅबमधून पार होतो. त्यामुळे वरच्या खोलीत गाणं ऐकू येतं, आणि शेजाऱ्याच्या उशाशी नुसते ठोके पोचतात. पोरं कळवळून म्हणतात, "काका, आवाज कमीच होता." ती खोटं बोलत नसतात. त्यांच्या खोलीत तो खरोखरच कमी वाटत असतो. हा वाद तोंडानं सुटत नाही, कानानं सुटतो. म्हणून हे करून बघा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराला वर जा. रात्री लावतात तेवढ्याच आवाजात, त्याच जागी, तेच गाणं लावायला सांगा. मग एका पोराला खाली तुमच्या खोलीत आणा, दार लावा आणि दोन मिनिटं गप्प उभे राहा. शेजारी तयार असेल तर त्याच्या मागच्या खोलीत उभे राहा, ते अधिक चांगलं. दिवसा रस्त्याचा, मिक्सरचा, टीव्हीचा आवाज असतो, तरीही ते ठोके ऐकू येतील. रात्री बाकी सगळं शांत झाल्यावर तेच ठोके किती मोठे होत असतील, हे त्या पोराला तुम्ही सांगायची गरज उरत नाही. मग वरच्याला फोन लावा आणि हळूहळू कमी करायला लावा. आधी बेस पूर्ण खाली. मग आवाज. खाली ठोका ऐकू येईनासा झाला की थांबा. तिथं स्पीकरच्या बटणावर नेलपॉलिशनं किंवा मार्करनं खूण करा. बटण फिरतं नसेल तर फोनवरचा आवाजाचा आकडा लिहून स्पीकरवर चिकटवा. दहानंतर त्या खुणेच्या वर जायचं नाही, एवढाच ठराव. तुम्हीही एक लक्षात ठेवा: खूण दिवसा केली आहे, रात्री ती थोडी जास्तच ठरेल. म्हणून खुणेपेक्षा एक घर खालीच धरा.

स्पीकरची जागाही बदलायला लावा. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला स्पीकर दोन भिंती आणि फरशी यांच्या संगतीनं जास्त घुमतो. तोच स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढून, टेबलावर जुन्या गोधडीची घडी घालून वर ठेवला, तर स्लॅबमध्ये उतरणारी थरथर कमी होते. शेजाऱ्याच्या भिंतीला पाठ लावून तर कधीच ठेवू नये. बोळाच्या बाजूची खिडकी दहाला लावायची. उघड्या खिडकीपुढं भिंत कितीही जाड असली तरी निरुपयोगी. उन्हाळ्यात खिडकी लावून बसवत नाही, हे खरं आहे. मग बोळाकडची लावा आणि रस्त्याकडची उघडी ठेवा, आणि उन्हाळ्यात स्पीकर त्या खोलीत नको.

गाणं बंद असतानाही जाग येते, ती कशानं? गच्चीवरच्या बोलण्यानं आणि निरोपानं. चार जण गच्चीवर बसले, की एकाच्या हसण्यावर दुसरा आवाज चढवतो, आणि आळीतल्या समोरच्या भिंतीवर आपटून ते सगळं शेजारच्या खिडकीत येतं. मग पाहुणे निघतात. खाली उभं राहून दहा मिनिटं निरोप. गाडीला किक, एक्सलेटर पिळणं, एक हॉर्न. सलग आवाजाची कानाला काही प्रमाणात सवय होते, अचानक आलेल्या आवाजाची होत नाही. म्हणून झोपलेल्या बाळाला स्पीकरपेक्षा कधी कधी हॉर्नच उठवतो. गच्ची आणि गॅलरी दहाला बंद. निरोप खोलीतच घ्यायचा. गाडी आळीच्या तोंडापर्यंत ढकलत न्यायची आणि तिथं सुरू करायची. ही तीन कामं फुकट होतात. मागा ती. पोरं करतात.

कायदा काय म्हणतो, तेही तुमच्या मनाशी असू द्या. आधी दाखवायला नव्हे, स्वतःला खात्री असावी म्हणून. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. त्यात रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे रात्रीची मर्यादा दिवसाच्या निम्म्यावर आणली आहे असं समजा. खासगी जागेतल्या स्पीकरचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. म्हणजे "माझ्या घरात मी काहीही लावीन" याला नियमात जागा नाही. सणासुदीला शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. ती सार्वजनिक सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी असते. तुमच्या वरच्या मजल्यावरचा वाढदिवस त्यात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये दिलेली शिफारस आणखी कडक आहे: झोपायच्या खोलीत सलग आवाज तीस डेसिबलच्या आसपास असावा, आणि एखादा सुटा आवाज पंचेचाळीसच्या वर जाऊ नये. फोनवरच्या मोजणीच्या अ‍ॅपवर फार विसंबू नका. ते अंदाज देतं, आणि बेसच्या बाबतीत तर बरंच चुकतं. तुमचे आणि शेजाऱ्याचे कान पुरेसे आहेत.

हे नियम सर्वोच्च न्यायालयासमोर आले ती हकीकतही ऐकून ठेवा. १८ जुलै २००५ चा तो निकाल. मूळ याचिका एका बातमीवरून झाली होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला, ती ओरडत होती, आणि शेजारी मोठ्यानं लावलेल्या गाण्यांत तिची हाक कुणाला ऐकू गेली नाही. त्याच संध्याकाळी तिनं स्वतःला पेटवून घेतलं. आवाजाच्या भिंतीआड काय काय बुडतं, ते विचारात घ्या. आजीला रात्री घाम फुटला, तिनं हाक मारली आणि ती शेजारच्या खोलीतल्या सुनेपर्यंत पोचली नाही, असं तुमच्या आळीत घडू नये.

आता बोलायचं कसं. रात्री जाऊ नका. आवाज चालू असताना दार ठोठावलंत तर दारात चार मित्रांसमोर तो पोरगा उभा असतो, आणि मित्रांसमोर त्याला मान खाली घालता येत नाही. दारू असेल तर मुळीच जाऊ नका. दुसऱ्या दिवशीची झोप पूर्ण होऊ द्या. दुपारी जा. एकटे जा. शेजाऱ्याला बरोबर नेऊ नका, बायकोला नेलंत तर चालेल, काही वेळा तीच चांगलं बोलते. ज्याच्या नावावर करार आहे त्याच्याशी आधी बोला, मग सगळ्यांना एकत्र बसवा. हातात भाड्याची पावती किंवा कसली कागदं नकोत. बसा, पाणी घ्या, आणि साधं म्हणा:

"पोरांनो, दोन मिनिटं बसतो. भाड्याबद्दल काही नाही, ते तुम्ही वेळेवर देता. रात्रीच्या आवाजाबद्दल बोलायचंय. शेजारी लहान बाळ आहे, आजी आहे, आणि दादा पहाटे चारला गोठ्यात जातो. तुम्ही अकराला सुटता, तुम्हालाही जरा बसावंसं वाटणार, ते मी समजतो. बसा. मित्र आले तर येऊ द्या. पण दहानंतर स्पीकरचा बेस बंद, गच्ची बंद, आणि गाडी आळीच्या तोंडाला सुरू करा. एवढं जमेल का?"

आणि थांबा. त्यांना बोलू द्या. बहुतेक वेळा पुढचं वाक्य "काका, आम्हाला माहीतच नव्हतं" हेच असतं. ते खरं माना. "माहीत नव्हतं म्हणजे काय" असं म्हणू नका. कुणी म्हणेल, "पण त्यांच्या लग्नात रात्रभर डीजे होता तो चालतो?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर द्या: "नाही, तोही चालू नये. तेव्हा मी त्यांच्याकडे जाईन." आणि तसं जाच. तुम्ही दोन्हीकडे सारखं बोलता हे दिसलं, तर पोरं तुमचा शब्द धरून ठेवतील.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. बोलणं आवाजावरच ठेवा. कोण येतं, मुली येतात का, काय शिजवता, काय पिता, कुठल्या गावचे, कुठल्या घरचे, यातलं काहीही त्या बैठकीत काढू नका. शेजाऱ्याच्या मनात यातलं काही असेल, तर ते तुमच्या तोंडून वर पोचवू नका. आवाजाचं मागणं कुणालाही मान्य करता येतं. त्यात बाकीचं मिसळलंत, की पोरं अपमान ऐकतात आणि आवाजाची गोष्ट मागं पडते. शेजाऱ्याचं नावही घेऊ नका. वर दिलेलं वाक्य लहान आळीत नाव न घेताही ओळखू येणारच, तेव्हा आधी त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर "आजूबाजूला लहान बाळं आहेत, म्हातारी माणसं आहेत" एवढ्यावर भागवा.

आणि रागाच्या भरात हे करू नका: मेन स्विच पाडणं, पाण्याचा कॉक बंद करणं, कुलूप घालणं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये कलम २९ आहे. भाडेकरूची वीज-पाण्यासारखी गरजेची सोय मालकानं तोडू नये, असं ते सांगतं. शेजाऱ्यांना सततचा उपद्रव होणं हे त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये घर परत मागण्याचं एक कारण आहे, पण तो रस्ता न्यायालयातून जातो आणि लांबचा आहे. तुम्हाला पोरं काढायची नाहीत. तुम्हाला आळी झोपलेली हवी आहे. मग जिना चढणं हाच जवळचा रस्ता.

बोलणं झालं की त्याच संध्याकाळी एक छोटा निरोप पाठवा. भांडणाचा पुरावा म्हणून नव्हे. चार जणांत कुणी काय ऐकलं याचा घोळ नको म्हणून. "आज ठरलं त्याप्रमाणे: रात्री दहा ते सकाळी सहा बेस बंद, आवाज खुणेच्या खाली. गच्ची-गॅलरी दहाला बंद. बोळाकडची खिडकी लावायची. निरोप खोलीत, गाडी आळीच्या तोंडाशी सुरू. जास्त माणसं जमणार असतील तर दोन दिवस आधी मला सांगा, मी शेजारी कळवतो. काही अडचण आली तर मला फोन करा. तुमचे काका." एवढं पुरे. त्यातलं शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. वाढदिवस वर्षातून येणारच. शेजाऱ्याला आधी कळलं की आज साडेअकरापर्यंत माणसं आहेत आणि नंतर शांत होईल, तर तो त्या रात्रीची तयारी करतो, बाळाला आतल्या खोलीत झोपवतो. न कळता आलेला तासभर आणि कळून आलेला तासभर यांत फार फरक असतो. पण कळवलं म्हणून बेस लावायची मुभा नाही, हेही त्यांना सांगा.

करार अजून व्हायचा असेल किंवा अकरा महिने संपत आले असतील, तर निरोपातली पहिली चार वाक्यं करारात घाला. "भाडेकरू शांतता राखील" असं मोघम लिहू नका, त्याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा काढतो. वेळ लिहा, गच्ची लिहा, स्पीकर लिहा. चावी देताना वाचून दाखवा.

पाण्याकाठच्या बंगलेवाल्यांनो, तुमची गोष्ट वेगळी आहे, आणि जास्त घाईची आहे. तुम्हाला वाटतं आसपास कुणी नाही. अंदाज करून बघा. एखादा मोठा पार्टी स्पीकर एक मीटरवर ९५ डेसिबलचा आवाज सहज काढतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. म्हणजे शंभर मीटरवर तो ५५ होतो, दोनशे मीटरवर ४९, आणि तीनशे मीटरवर कुठं ४५ च्या जवळ येतो. मधे घर नाही, झाड नाही, नुसतं पाणी. त्यात भर म्हणजे हिवाळ्यातल्या रात्री आपल्या खोऱ्यांत गार हवा तळाला बसते आणि वर उबदार हवा राहते. अशा रात्री वर गेलेला आवाज वळून पुन्हा खाली येतो आणि नेहमीपेक्षा लांब पोचतो. म्हणून पलीकडच्या काठाच्या वाडीतला माणूस सांगतो की गाण्याचे शब्दसुद्धा कळत होते. तो वाढवून सांगत नाही. आणि त्या वाडीतही पहाटे धारा असतात, भात झोडणीनंतर दमलेली माणसं असतात, अभ्यासाला बसलेली पोरं असतात.

तुमचे भाडेकरू एका रात्रीचे. त्यांना सुट्टीच्या दिवशी खाली बोलावून कान दाखवता येत नाही. तेव्हा पैसे घेण्याआधीच सांगा: बाहेर अंगणात स्पीकर रात्री दहापर्यंत, त्यानंतर आत, दारं लावून, बेस कमी करून. स्पीकरचं तोंड पाण्याकडे नको, डोंगराकडे नको, घराकडे करा. बाहेरचा डीजे आणायचा नाही. रखवालदाराला दहाला अंगणातला स्पीकर आत न्यायला सांगा, आणि आधी पाहुण्यांनाही सांगून ठेवा की तो दहाला येईल. त्या गरीब माणसाला पंधरा जणांसमोर एकटं सोडू नका. त्या रात्री फोन उचला. शहरातून येणारी माणसं वाईट नसतात. वाडी त्यांना अंधारात दिसत नाही. तुम्ही दाखवा. चावी देताना हात करून सांगा, "तो दिवा दिसतो ना, तिथं माणसं झोपलेली आहेत."

एवढं करूनही जमलं नाही, तर? एकदा बोलल्यावर दोन आठवडे शांत गेले आणि मग पुन्हा सुरू झालं, तर घाबरू नका, ते नेहमीचं आहे. नवा मित्र राहायला आला असेल किंवा पाळी बदलली असेल. पुन्हा जा, तोच निरोप पुन्हा दाखवा. दुसऱ्यांदाही तेच झालं, तर लेखी सांगा आणि करार वाढवणार नाही हे स्पष्ट करा. पण आवाजाबरोबर मारामारी असेल, कुणी धमकावत असेल, बाईमाणसाला त्रास होत असेल, तर गोडीगुलाबी तिथं थांबवा. स्वतः मध्ये पडू नका. ११२ ला फोन करा. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा की त्यानंही करावा. आवाजाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करावी, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना सांगितलं आहे. भीतीपोटी कुणी अंथरुणात पडून राहू नये.

सोमवार ते शुक्रवार एवढे दिवस हातात आहेत. आधी शेजाऱ्याच्या ओट्यावर, मग पोरांची पाळी विचारून त्यांच्या खोलीत. या आठवड्यात त्यांची दुसरी पाळी असेल तर दुपारी बाराच्या सुमाराला जा. पहिली असेल तर पाचनंतर. तिसरी असेल तर त्यांची दिवसाची झोप मोडू नका, संध्याकाळी सहाला जा, आणि जाताना मार्कर बरोबर घ्या.